मार्चअखेरची ठेव आणि हरवलेले वर्ष

आर्थिक वर्षाच्या अखेरच्या आठवड्यात बँकांच्या आणि टपाल कार्यालयांच्या खिडक्यांपुढे जी गर्दी उसळते, तिच्यात सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात पैसे भरू पाहणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. वर्षभर लांबणीवर टाकलेले काम मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत उरकून टाकावे, कराची वजावट पदरात पाडून घ्यावी आणि निश्चिंत व्हावे, असा हा मध्यमवर्गीय रिवाज आहे. या गर्दीतील काहींची रक्कम खात्यात पडते ती एप्रिल उजाडल्यावर. मग तक्रार सुरू होते, आणि ती बहुधा एकाच सुरात होते : ‘बँकेने आमचे वर्षाचे व्याज बुडविले.’ प्रस्तुत लेखकाच्या मते ही तक्रार खरी आहे, पण तिचा रोख चुकलेला आहे. व्याज बुडते ते अगदी थोडे, आणि तेही त्या वर्षाचे नव्हे. जे खरोखर बुडते त्याच्याकडे मात्र ठेवीदाराचे लक्ष जात नाही आणि शासनाचेही जात नाही.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. नगर रस्त्यावरील खराडी हे गाव पुणे महापालिकेच्या हद्दीत येऊन त्याचे उपनगर झाले, शेतांच्या जागी संगणक कंपन्यांचे मनोरे उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबरच नोकरदारांच्या वसाहतीही वाढल्या. अशाच एका वसाहतीत राहणारे माझे एक सहकारी प्राध्यापक दरवर्षी या निधीत कमाल मर्यादेइतके, म्हणजे १,५०,००० रुपये भरतात. त्यांची पद्धत ठरलेली आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ५०,००० रुपये आणि वर्षाच्या अखेरीस, हातात पैसे जमले की उरलेले १,००,०००. २०२३-२४ या वर्षीही त्यांनी तसेच केले. गुरुवार, २८ मार्च २०२४ रोजी त्यांनी आपल्या पगाराच्या खात्याचा एक लाखाचा धनादेश, ज्या बँकेत निधीचे खाते आहे तिच्या खिडकीवर दिला आणि स्थळप्रतीवर शिक्का घेतला. त्यांच्या हिशेबी काम संपले होते.

त्या वर्षीचे दिनमान मोठे चमत्कारिक होते. २९ मार्चला गुड फ्रायडेची सुट्टी, ३० तारखेला पाचवा शनिवार म्हणून बँका चालू, ३१ तारखेला रविवार. हा रविवार वर्षअखेरीचा असल्याने शासकीय जमाखर्चाचे काम पाहणाऱ्या बँकांनी त्या दिवशी उघडे राहावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने काढला होता. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी व्यवहार बंद. गुरुवारी दिलेला धनादेश त्याच दिवशी समाशोधनाला गेला असता, तर शनिवारी, ३० मार्चला वठला असता. पण वर्षअखेरीच्या धांदलीत तो शाखेतच पडून राहिला आणि शुक्रवारी, ५ एप्रिलला पुढे गेला. वठला तो शनिवारी, ६ एप्रिलला. सहकाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर खात्यातून एक लाख वजा झाल्याचा संदेश आला. तो पाहून त्यांना समाधानच वाटले, तारखेकडे त्यांनी पाहिले नाही. दरम्यान ३ एप्रिलला नव्या वर्षाचे ५०,००० रुपये त्यांनी नित्याप्रमाणे भरले होते.

या प्रकाराचा उलगडा झाला तो तब्बल वर्षभराने. मार्च २०२५ मध्ये ते पुन्हा एक लाखाचा भरणा करावयास गेले, तेव्हा या वर्षाची मर्यादा पूर्ण झाली आहे असे सांगून तो नाकारण्यात आला. तेव्हा कुठे खातेपुस्तिका छापून घेतली गेली आणि तिच्यात मागल्या वर्षीचा धनादेश ६ एप्रिल २०२४ या तारखेस जमा झालेला आढळला. ते संतापले आणि मला म्हणाले, ‘एक लाखावरचे वर्षाचे व्याज, म्हणजे ७,१०० रुपये, या लोकांनी खाल्ले.’ मी त्यांना कागद घेऊन बसविले. जो हिशेब आम्ही त्या दिवशी केला, तोच येथे मांडीत आहे.

या निधीवरील व्याजाचा नियम साधा आहे, पण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. व्याज वर्षाच्या शेवटी खात्यात जमा होते, पण त्याची आकारणी महिन्यामहिन्याने होते. महिन्याच्या ५ तारखेच्या कामकाजाच्या अखेरीपासून त्या महिन्याच्या शेवटापर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल, तीवर त्या महिन्याचे व्याज धरतात. म्हणजे ५ तारखेपर्यंत भरलेल्या रकमेला त्या महिन्याचे पूर्ण व्याज मिळते, आणि ६ तारखेला किंवा पुढे केव्हाही भरलेल्या रकमेला त्या महिन्याचे काहीही मिळत नाही.

हा नियम आपल्या उदाहरणाला लावून पाहावा. समजा, धनादेश वेळेवर, ३० मार्चला वठला असता. मार्चच्या ५ तारखेला ते एक लाख खात्यात नव्हते. म्हणून मार्चच्या किमान शिलकीत ते धरले गेले नसते, आणि मार्चचे व्याज त्यांवर मिळाले नसते. मार्चच्या आधीच्या अकरा महिन्यांचा तर प्रश्नच नाही. तेव्हा २०२३-२४ या वर्षाचे व्याज धनादेश ३० मार्चला वठला असता तरी तेवढेच आले असते आणि ६ एप्रिलला वठला तरी तेवढेच आले. विलंबामुळे त्या वर्षाच्या व्याजाला एका पैशाचाही धक्का लागलेला नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे भरणारा प्रत्येक ठेवीदार, त्याचे पैसे त्याच दिवशी जमा झाले तरी, सरत्या वर्षाच्या व्याजाच्या दृष्टीने उशिराच आलेला असतो.

नुकसान झाले ते नव्या वर्षाच्या व्याजात. ३० मार्चला पैसे खात्यात असते, तर एप्रिल २०२४ चे व्याज त्यांवर मिळाले असते. ६ एप्रिलला आल्यामुळे ते मिळाले नाही. त्या काळातील दर ७.१ टक्के होता. त्या दराने एक लाखाचे एका महिन्याचे व्याज ५९१ रुपये ६७ पैसे, म्हणजे सुमारे ५९२ रुपये होते. हेच एक लाख शुक्रवारी, ५ एप्रिलला जमा झाले असते, तर हेही नुकसान टळले असते. कारण ३० मार्च आणि ५ एप्रिल या दोन तारखांत व्याजाच्या दृष्टीने काहीच अंतर नाही. अंतर आहे ते ५ आणि ६ तारखांत. एका दिवसाने एक महिना गेला. ७,१०० रुपयांची तक्रार अशा रीतीने ५९२ रुपयांवर आली, आणि तीही सरत्या वर्षाच्या नव्हे, तर पुढच्या वर्षाच्या खात्यावर.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. ५ तारखेचा हा नियम ठेवीदारावर केवळ अन्याय करतो असे नाही. ५ एप्रिलला भरलेल्या रकमेला तो पहिल्या चार दिवसांचे न कमावलेले व्याजही देतो. १९६८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा खातेवह्या हाताने लिहिल्या जात. रोजच्या शिलकीवर व्याज काढणे कारकुनाच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून महिन्यातील किमान शिलकीची सोपी युक्ती रूढ झाली. बँकांच्या बचत खात्यांवरही पूर्वी अशीच, १० तारखेपासूनच्या किमान शिलकीवर आकारणी होत असे. १ एप्रिल २०१० पासून तेथे रोजच्या शिलकीवर व्याज देण्याची पद्धत आली. भविष्य निर्वाह निधीत मात्र जुनी युक्तीच चालू राहिली. रोजच्या शिलकीचा हिशेब येथे लावला, तर ३० मार्च ते ६ एप्रिल या सात दिवसांच्या विलंबाची किंमत सुमारे १३६ रुपये होते. नियमाने ती ५९२ रुपये झाली. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा असला, तरी त्यासाठी कोणी रस्त्यावर यावे असा नाही.

मग खरे नुकसान कोणते? ते व्याजाच्या रकान्यात दिसत नाही. ते वर्षाच्या रकान्यात दिसते.

या निधीत एका आर्थिक वर्षात १,५०,००० रुपयांहून अधिक भरता येत नाहीत. ही मर्यादा वर्षागणिक नव्याने मिळते आणि वर्ष संपले की विरून जाते. २०२३-२४ ची न वापरलेली मर्यादा २०२४-२५ मध्ये ओढून नेता येत नाही. आमच्या सहकाऱ्यांचे एक लाख ६ एप्रिलला जमा झाले, याचा अर्थ २०२३-२४ साली त्यांनी केवळ ५०,००० भरले असे ठरले, आणि ते एक लाख २०२४-२५ च्या मर्यादेतून वजा झाले. ३ एप्रिलचे ५०,००० धरून ६ एप्रिललाच त्यांचे नवे वर्ष भरून गेले. म्हणून मार्च २०२५ मधील त्यांच्या एक लाखाला दार बंद झाले. मर्यादेपलीकडची रक्कम चुकून स्वीकारली गेली असती, तरी उपयोग नव्हता. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि ती तशीच परत केली जाते.

या बंद दाराची किंमत काय? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, पैसे गेले नाहीत, ते दुसरीकडे गुंतवता येतील, म्हणून दोन ठिकाणच्या उत्पन्नांतील फरक हेच नुकसान. ते बरोबर आहे. आमचे सहकारी जुन्या करप्रणालीतील, सर्वांत वरच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यातील करदाते. अधिभार धरून त्यांचा कर ३१.२ टक्के. बँकेच्या मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज मिळाले असे धरले, तर कर जाता हाती ४.८ टक्के उरतात. निधीचे ७.१ टक्के करमुक्त आहेत. एक लाखावर वर्षाला सुमारे २,२८० रुपयांचा हा फरक पडतो, आणि खात्याची मुदत संपेपर्यंत तो दरवर्षी पडत राहतो. एप्रिलचे बुडालेले ५९२ रुपये एकदाचे आहेत. हे नुकसान मुदतीच्या अखेरपर्यंत सोबत करणारे आहे.

दुसरे नुकसान कराचे. त्या वर्षी लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० सी खाली एकंदर १,५०,००० रुपयांची वजावट मिळे. इतर बचत आणि एप्रिलमधील ५०,००० धरून सहकाऱ्यांची ९०,००० रुपयांची वजावट झाली होती. उरलेली ६०,००० ची जागा या एक लाखातून भरावयाची होती. ती जमा पुढच्या वर्षात गेली, तर या ६०,००० रुपयांवरचा १८,७२० रुपयांचा कर अंगावर येतो. पुढच्या वर्षी त्याची भरपाई होत नाही, कारण पुढच्या वर्षाची वजावट त्या वर्षाच्या बचतीनेच भरते.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. व्याजाचे ५९२ रुपये, मर्यादा हुकल्याचे दरसाल सुमारे २,२८० रुपये आणि कराचे १८,७२० रुपये. ज्या आकड्यावर भांडण होते तो सर्वांत लहान, आणि ज्याचा उच्चारही होत नाही तो सर्वांत मोठा. ज्याने वर्षभरात दुसरे काहीच भरले नसेल, त्याच्यावर तर आणखी एक संकट येते. वर्षाला निदान ५०० रुपये भरलेच पाहिजेत, असा दंडक आहे. मार्चअखेरचा एकमेव भरणा एप्रिलमध्ये गेला की ते वर्ष कोरे राहते आणि खाते खंडित ठरते. दंड अवघा ५० रुपयांचा असला, तरी खाते पूर्ववत होईपर्यंत कर्ज आणि मुदतपूर्व रक्कम काढण्याच्या सवलती थांबतात.

तेव्हा प्रश्न असा आहे की, धनादेशाने भरलेली ठेव कोणत्या तारखेची समजावी? सध्याच्या नियमांप्रमाणे धनादेश वठल्याची तारीख हीच ठेवीची तारीख. शासनाच्या हाती पैसे जेव्हा येतील, तेव्हापासून शासन व्याज देईल, हे तर्कशास्त्र वरकरणी निर्दोष दिसते. परंतु आपल्या कायद्याचे सामान्य तत्त्व याहून निराळे आहे, आणि ते ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, तो महाराष्ट्राच्या मातीतलाच आहे.

कराडजवळील ओगलेवाडीचा काचेचा कारखाना आणि त्याचे प्रभाकर कंदील जुन्या पिढीला परिचित आहेत. हा कारखाना तेव्हा औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या कराच्या हद्दीबाहेर होता. भारत सरकारला त्याने कंदील पुरविले आणि सरकारने त्यांचे पैसे धनादेशांनी दिल्लीहून टपालाने पाठविले. हे उत्पन्न कोठे मिळाले, औंधात की ब्रिटिश हिंदुस्थानात, यावर आयकर खात्याचे आणि कंपनीचे भांडण जुंपले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५४ साली निकाल लागला. वाद जागेचा होता, परंतु तो सोडविताना न्यायालयाने काळाचाही उलगडा केला : धनादेश नाकारला गेला नाही, तर पैसे दिल्याची क्रिया मागे जाऊन धनादेश हाती दिल्याच्या तारखेस चिकटते. पुढे तो वठतो ही केवळ त्या क्रियेची पूर्तता होय. कंपनीच्याच विनंतीवरून धनादेश टपालाने पाठविले गेले, म्हणून ते दिल्लीत टपालात पडले तेव्हाच कंपनीला मिळाले असे ठरले, आणि कर शासनाच्या पदरात पडला.

या निकालातील विरोधाभास वाचकांच्या ध्यानी आला असेल. धनादेशाची तारीख मागे नेण्यात जेथे शासनाचा लाभ होता, तेथे ती मागे गेली. सामान्य बचतदाराचा लाभ आहे तेथे शासनाच्या योजनेचा नियम ती मागे जाऊ देत नाही. विशेष नियम सामान्य तत्त्वाला बाजूला सारू शकतो, हे कायद्याच्या दृष्टीने मान्य आहे. पण जो नियम सामान्य तत्त्वाच्या विरुद्ध जातो, त्याने आपले कारण सांगितले पाहिजे. व्याजापुरते ते कारण सांगता येते. पैसे सरकारी तिजोरीत नव्हते, त्या दिवसांचे व्याज सरकारने का द्यावे? परंतु वर्ष ठरविण्यासाठी हे कारण लागू पडत नाही. २८ मार्चला शिक्का घेऊन दिलेला आणि पुढे विनातक्रार वठलेला धनादेश २०२३-२४ चा मानला, तर शासनाच्या तिजोरीतून जादा व्याजाचा एक रुपयाही जात नाही. बचत ठेवीदाराने त्या वर्षीच केली होती, उशीर त्याने केला नव्हता.

आमची सूचना एवढीच आहे की, आज एकाच तारखेवर टांगलेल्या या दोन गोष्टी सुट्या कराव्यात. व्याज पैशाच्या मागे जावे, वर्ष ठेवीदाराच्या कृतीच्या मागे जावे. व्याजाची आकारणी हवी तर वठल्याच्या तारखेपासूनच होऊ द्यावी. वार्षिक मर्यादा, किमान भरणा आणि करवजावट यांसाठी मात्र धनादेश सादर केल्याची, शिक्क्याने सिद्ध होणारी तारीख धरावी. धनादेश न वठला, तर तो सादर केल्याचा कोणताही लाभ मिळू नये. खात्यात पैसे नसताना ३१ मार्चला कोरडे धनादेश देणाऱ्यांचे फावेल, ही भीती या अटीने नाहीशी होते.

भरणा कोणत्या वर्षाचा, हे शासनाला मागाहून ठरविता येत नाही, असेही कोणी म्हणू नये. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली, तेव्हा २०१९-२० या वर्षाचा या निधीतील भरणा ३० जून २०२० पर्यंत करण्याची मुभा शासनाने दिली होती. वर्ष संपल्यावर आलेले पैसे मागल्या वर्षाचे मानण्यात तेव्हा हिशेबाची कोणतीही अडचण आली नाही. जे देशातल्या सर्व ठेवीदारांसाठी संकटकाळात करता आले, ते शिक्का मारलेली स्थळप्रत हाती असलेल्या एका ठेवीदारासाठी शांततेच्या काळात करता येऊ नये, याचे समर्थन कठीण आहे.

दुसरी गोष्ट बँकांच्या उत्तरदायित्वाची. शासकीय वसुलीचे पैसे बँकेने शासनाच्या खात्यात उशिरा वळते केले, तर रिझर्व्ह बँक त्या बँकेकडून बँक दराहून दोन टक्के अधिक दराने विलंबाचे व्याज वसूल करते. म्हणजे विलंबाची झळ शासनाला लागू नये, याची तजवीज पक्की आहे. ठेवीदारासाठीही काही तजवीज आहे. धनादेश वसुलीच्या धोरणात प्रत्येक बँकेने विलंबाची भरपाई नमूद केलेली असते. परंतु ही भरपाई उशिराच्या दिवसांच्या व्याजापुरती असते. आमच्या सहकाऱ्यांच्या हाती तिच्यातून शे-दोनशे रुपये पडले असते. हुकलेली मर्यादा आणि गेलेली वजावट कोणतीही बँक व्याजाच्या रूपाने परत देऊ शकत नाही. हे नुकसान भरून काढण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे तारीख दुरुस्त करणे. तो अधिकार नियमाने दिला पाहिजे.

नियम बदलेपर्यंत ठेवीदाराने काय करावे? यासंबंधी तीन तारखा जुळवून पाहण्याची सवय लावून घ्यावी, एवढेच सुचवावेसे वाटते. पहिली, स्थळप्रतीवरील शिक्क्याची. दुसरी, आपल्या बचत खात्यातून पैसे वजा झाल्याची. तिसरी, निधीच्या खातेपुस्तिकेतील जमेची. दुसरी तारीख मार्चमधली आणि तिसरी एप्रिलमधली असेल, तर पैसे मधल्यामध्ये बँकेकडे पडून होते हे उघड आहे. धनादेश वठला होता, म्हणून नियमाप्रमाणेही ठेव मार्चचीच ठरते, आणि तारीख दुरुस्त करून मागण्याचा ठेवीदाराचा हक्क भक्कम आहे. आमच्या सहकाऱ्यांप्रमाणे पहिली तारीख मार्चमधली आणि दुसरी व तिसरी एप्रिलमधली असेल, तर धनादेश समाशोधनालाच उशिरा गेला असे समजावे. येथे तारखेचा हक्क दुबळा आहे, पण सेवेतील हयगय सिद्ध आहे. बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार उघडे आहे. आयकर अधिकाऱ्यापुढे ओगले निकालाचे तत्त्व मांडता येईल, मात्र खातेपुस्तिकेतील तारीख विरुद्ध बोलत असल्याने यशाची खात्री कोणी देऊ नये. हे सारे एप्रिलमध्येच करावे. वर्षाने खातेपुस्तिका उघडणाऱ्याला आपल्या नुकसानीचा पत्ता लागतो, तोवर दुसरे वर्षही हातचे गेलेले असते.

आता धनादेशही पूर्वीसारखे रेंगाळण्याचे कारण नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून समाशोधन दिवसभर अखंड चालते, आणि एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठविण्याची संगणकीय सोय सुट्टीच्या दिवशीही चालू असते. निधीचे खाते आणि बचत खाते एकाच बँकेत असेल, तर वर्ग केलेली रक्कम बहुधा तत्काळ जमा होते. परंतु हे मार्गही माणसांच्या आणि यंत्रांच्या हयगयीपासून मुक्त नाहीत. शाखेत पडून राहिलेला धनादेश अखंड समाशोधनातही पडूनच राहतो. ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे, त्यांना तर मार्चअखेरीस धावण्याचे करविषयक कारणही उरलेले नाही, कारण तिच्यात ही वजावटच नाही. त्यांनी वर्षाचा भरणा ५ एप्रिलच्या आत केला, तर बाराही महिन्यांचे व्याज मिळते. १,५०,००० रुपयांवर ते ७.१ टक्क्यांनी १०,६५० रुपये होते, आणि मार्चअखेरीस भरणारा दरवर्षी नेमके तेवढेच स्वखुशीने सोडून देत असतो. वर्षाचे व्याज बुडविल्याचा आरोप आपण बँकेवर करतो, ते व्याज बहुतेकांनी धनादेश लिहिण्यापूर्वीच स्वतः बुडविलेले असते.

मात्र ज्याच्या हाती पैसेच मार्चमध्ये येतात, त्याला हा उपदेश निरर्थक आहे. थकलेला फरक, परीक्षकाचे मानधन, शेतमालाची पट्टी, किरकोळ व्यवसायाची वर्षअखेरीची वसुली, यांतून बचत करणारा माणूस मार्चमध्येच खिडकीवर येणार. तो वेळेवर आला, शिक्का घेऊन गेला, त्याचा धनादेश वठलाही. त्याने पाळावयाचे सर्व नियम पाळले. त्याच्या वर्षाचा निकाल मात्र दुसऱ्या कोणाच्या टेबलावर धनादेश किती दिवस पडून राहिला यावर लागतो. ५९२ रुपयांचे व्याज शासनाने खुशाल राखून ठेवावे. ठेवीदाराचे वर्ष मात्र त्याला परत द्यावे.